वीस रुपयांच्या रबरी रिंगसाठी ६,२०९ रुपये

आधीच सांगते, मी बावळट नाही. २८ वर्षं शाळेच्या ऑफिसात हिशेब लिहिले. व्हाउचरमध्ये पाच रुपयांचा फरक आला तर घरी न जाणारी बाई मी. तरीही एका प्लंबरने माझ्याच ओट्यासमोर उभं राहून माझ्याकडून ६,२०९ रुपये काढले, आणि वर मीच त्याला चहा पाजला.

सिंकवर भिंतीतला मिक्सर आहे, दोन मुठींचा, मधली मान दोन्ही बाजूंना वळणारा. २०११ मध्ये घर घेतलं तेव्हा बसवलेला, पितळेचा, वजनदार. आमच्याकडे बोअरचं आणि टँकरचं पाणी, त्यामुळे सगळ्या नळांवर पांढरा थर धरतो. गौरी यायच्या तीन दिवस आधी मानेच्या बुडातून, म्हणजे मान जिथे बॉडीत शिरते त्या नटातून, पाणी झिरपायला लागलं. भांडी घासताना ओघळ मिक्सरवरून खाली यायचा आणि ओटा ओला. जेवायला अठरा माणसं येणार होती. नेहमीचा मिस्त्री गावी गेलेला. काय करणार? ॲपवरून प्लंबर बोलावला, भेटीचे १९९ रुपये भरून.

पोरगा गोड बोलणारा, टी-शर्टवर कंपनीचं नाव. त्याने नळ सोडला, मान डावीकडे फिरवली, उजवीकडे फिरवली, जीभ चुकचुकली आणि म्हणाला, "काकू, बॉडीला क्रॅक गेलाय. आज गळतंय, उद्या फुटेल. गणपतीत रिस्क घेऊ नका."

ह्या क्षणाचा मला सगळ्यात जास्त संताप येतो. त्याने मान डावीकडे नेली तेव्हा गळती जवळजवळ थांबली होती. उजवीकडे आणली की परत सुरू. मी हे डोळ्यांनी पाहिलं, कपडा हातात धरून पाहिलं. अहो, पितळेतली भेग मान वळवल्याने बुजते का कधी? आणि नळ बंद करून मी बूड पुसलं तेव्हा ते कोरडं ठणठणीत राहिलं. त्यातच सगळं उत्तर होतं. मुठीच्या आतल्या स्पिंडलपर्यंत पाण्याचा दाब चोवीस तास असतो, पण मानेत पाणी जातं ते नळ उघडल्यावरच. मुठीपर्यंतच्या भागात भेग असती, तर बंद नळही गळला असता. फक्त चालू असताना, तेही बुडाशी गळतंय आणि वळवलं की कमी-जास्त होतंय, म्हणजे मानेच्या खुंटावरच्या ओ-रिंग झिजल्यात. बंद नळाच्या तोंडातून थेंब पडत असेल तर तो स्पिंडलचा किंवा वायसरचा दोष, तो वेगळा. हे आता पाठ झालंय. तेव्हा डोक्यात पुरणाचा हिशेब चालला होता.

नवा मिक्सर ४,६५०. "जुने लेग चालणार नाहीत" म्हणून लेग आणि फ्लँज ५४०. टेफ्लॉन आणि किरकोळ १२०. बसवायचे ७००. "ॲपवरून दाखवलं तर जीएसटी पडेल काकू, मला डायरेक्ट पाठवा." म्हणून ६,०१० रुपये त्याच्या खासगी नंबरवर गेले. ही युक्ती तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही ठाऊक होती. भाचीला मीच बजावलं होतं. जुना नळ त्याने माझ्यासमोर पिशवीत टाकला, "स्क्रॅप आहे, मी टाकतो." तो टाकायला नव्हता नेला हो! जुना भाग घरातून जाऊ देऊ नका, तोच पुरावा असतो.

सात महिन्यांनी, एप्रिलमध्ये, नवा नळ त्याच जागी गळायला लागला. फोन केला तर उचलेना. आमचे हे म्हणाले, "दुसरा आणू." मी म्हटलं, नाही. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्या काकांना मोबाइलमधला व्हिडिओ दाखवला. ते हसले. "ताई, नळ बंद ठेवून मान काढा आणि आतली रिंग घेऊन या. नुसतं तोंडी माप सांगू नका."

मेन कॉकसुद्धा बंद करावा लागला नाही. दोन्ही मुठी घट्ट बंद केल्या, सिंकच्या जाळीवर फडकं टाकलं (छोटा भाग आत गेला की संपलं), नटाला कापड गुंडाळून पाना लावला. कापडाशिवाय लावलात तर क्रोम सोललंच समजा. नट सुटल्यावर मान हलकेच फिरवत ओढली. खुंटावर दोन खाचा, दोन काळ्या रिंगा. वरची बरी होती. खालची एका बाजूने चपटी, बोटाने दाबली तर कडक, आणि एके ठिकाणी नखाएवढा काप. खाचेत पांढरी खर. ती खर रिंगेला कानशीसारखी घासते. रिंग खाचेच्या थोडी बाहेर उभी राहते आणि बॉडीत दाबली जाते म्हणून पाणी अडतं. चपटी झाली की अडवणार काय?

पांढरं प्लास्टिकचं कडंही होतं, ते कुठल्या क्रमाने बसतं याचा आधी फोटो काढून ठेवा. रिंग मी लाकडी टूथपिकने काढली, कारण सुरीने खाचेवर ओरखडा पडला तर नवी रिंगही गळते. व्हिनेगरचं फडकं वीस मिनिटं गुंडाळून खर सोडवली, आणि बॉडीच्या आत बोट फिरवून खडबडीत लागत नाही ना ते पाहिलं. आतलं पितळच खरवडलं असेल तर मात्र रिंग टिकत नाही, तिथे नळ बदलणं खरं.

काकांनी जुन्या बऱ्या रिंगेशी आतला घेर आणि जाडी दोन्ही जुळवून दिली. जाडी केसभर जास्त झाली तर मान वळत नाही, नाहीतर बसवतानाच रिंग कापली जाते. दोन रिंगा २० रुपये, सिलिकॉन ग्रीसची डबी ६०. व्हॅसलीन किंवा खोबरेल लावू नका, काही रबरं त्याने फुगतात. टेफ्लॉनही गुंडाळू नका, वळणाऱ्या सांध्यात ते फाटतं. एम-सील लावणाऱ्याला तर घराबाहेर काढा. ग्रीस लावलं, मान सरळ दाबली, नट हाताने आणि मग पान्याने अर्धा वेढा. कोरडं. ८० रुपयांत.

मग तक्रारीला लागले. ॲपवाले म्हणतात, आमच्याकडे फक्त १९९ ची नोंद आहे, बाकीचा तुमचा आपसातला व्यवहार. मग तो टी-शर्ट कुणाचा? चौकीवर दीड तास बाकावर बसवलं आणि विचारलं, "सामान मिळालं ना? मग फसवणूक कसली? दिवाणी मामला." हेल्पलाइनवर चार वेळा तीच कहाणी सांगितली, प्रत्येक वेळी नवा माणूस, आणि पाचव्या दिवशी मेसेज आला की तक्रार निकाली काढली आहे. कुणी काढली, काय काढलं, देव जाणे. एका बाईने तर विचारलं, "मॅडम, ८० रुपयांची तक्रार आहे का?" ६,१२९ ची आहे, बाई.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, तेवढं एक बरं. कागद जमवतेय. बँकेचं स्टेटमेंट आहे, दुसऱ्या नळाचे फोटो आहेत, काप गेलेली रिंग औषधाच्या डबीत ठेवली आहे. पहिला नळ नाही.