आठ महिने स्कॅनर वापरल्यावर: आकडे बरोबर, नाव चुकीचं

नौपाड्यात आमचं किराणा-फरसाणाचं दुकान आहे. गणपतीच्या आधी यूएसबी स्कॅनर आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर घेतलं, त्याला आता आठ महिने झाले. स्कॅनरबद्दल तक्रार नाही. चकचकीत पाकिटावर जरा अडतो, एवढंच. माझं दुखणं वेगळं आहे आणि त्यात निम्मी चूक माझीच.

बीप झाला की नाव येतं, म्हणजे नाव बारकोडमध्येच असणार, असं मी धरून चाललो होतो. पट्ट्यांत असतात फक्त खाली छापलेले 13 आकडे. नाव, वजन, भाव हे आपण सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या यादीत, म्हणजे मास्टरमध्ये भरलेलंच समोर येतं. सुरुवातीच्या 890 वरूनही माल भारतात बनला असं ठरत नाही. कंपनीने नंबर जीएस1 इंडिया या बारकोडचे नंबर देणाऱ्या संस्थेकडून घेतलाय, इतकाच त्याचा अर्थ.

दिवाळीत एका पुरवठादाराकडून साधा आणि लसूण चिवडा आला, दोन्ही 200 ग्रॅम. लसूण दहा रुपयांनी महाग. रात्री स्टॉक पाहिला तर साधा उणे 14 आणि लसूण 40 पैकी 40 शिल्लक. रॅकवर लसूण मोजला, 26! दोन पाकिटं शेजारी धरली तेव्हा उलगडा झाला: शेवटच्या आकड्यापर्यंत नंबर एकच. लसणाच्या लेबलावर साध्याचाच बारकोड छापलेला. 140 रुपये गेले, वर ‘जुनी फाईल छपाईला गेली हो’ हे ऐकून घेतलं. आता लसणावर आमचं 2 पासून सुरू होणारं स्टिकर चिकटवतो. ते नंबर दुकानातल्या दुकानात वापरायलाच राखून ठेवलेले असतात.

शेवटचा, तेरावा आकडा पडताळणीचा असतो खरा. उदाहरणार्थ 8901234567890. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवले की 28. मधल्यांची बेरीज 34, तिची तिप्पट 102. एकूण 130, पुढच्या दहाच्या पटीला काहीच कमी नाही, म्हणून शेवटी 0. पण यातून नंबर नीट वाचला गेला एवढंच कळतं. पाकिटात लसूण आहे की साधा, ते त्याला काय ठाऊक? शिवाय हाताने टाइप करताना शेजारचे 1 आणि 6 उलटसुलट झाले तर हा हिशेबही चूक पकडत नाही, कारण फरक नेमका 5 चा. मी एका फाटक्या लेबलावर तेच केलं. मास्टरने मुकाट्याने घेतलं आणि पुढच्या पाकिटाला ‘माल सापडला नाही’.

आता नवीन माल आला की प्रत्येक प्रकाराचं एक पाकीट स्कॅन करूनच मास्टरमध्ये घेतो. मी स्क्रीनवरचे शेवटचे चार आकडे आणि नाव मोठ्याने वाचतो, बायको पाकिटावरचं नाव, वजन आणि आकडे बघून ‘हो’ म्हणते. यादी एक्सेलमधून चढवायची असेल तर तो कॉलम आधी टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर नंबर `8.90123E+12` असा दिसतो. माझ्या पहिल्या यादीतले साठ नंबर असेच परत भरावे लागले.