अठ्ठावीस काउंटचं लिनन, आठ महिन्यांनंतर: तुटणाऱ्या धाग्याची तक्रार अर्धी मागे घेतेय

मार्चमध्ये दीड मीटर पांढरं, इंचाला अठ्ठावीस धाग्यांचं लिनन मागवलं, जेवणाच्या टेबलावरच्या सहा मॅटसाठी. चारी बाजूंनी धागे काढून हेमस्टिचची कड, म्हणजे काही धागे काढून मोकळ्या झालेल्या पट्टीतल्या उरलेल्या धाग्यांच्या जुड्या बांधत दुमड शिवायची; बाकी मॅट कोरा. हे लिहायला आत्ता बसले, कारण परवा धुलाईयंत्रातून एक मॅट बाहेर आला तो कोपऱ्यात बोट जाईल एवढं भोक घेऊन.

पहिला राग धाग्यावरच. मे महिन्यात, चिपळूणच्या उकाड्यात पंख्याखाली बसून पहिले दोन मॅट केले. धागा सुईने उचलायचा, हळूच ओढायचा, कापडाला चुण्या पडतात, त्या सरकवत न्यायच्या. चार बोटं पुढे गेलं की टप्प. पुन्हा टोक शोधा. लिननचा धागा मुळात ताणला जात नाही, आणि त्यात मध्येमध्ये जाड गाठाळ भाग असतात. असा भाग विणीत अडकतो आणि त्याच्या शेजारची बारीक जागा तुटते. दुकानदाराला फोन केला, तर "ताई, कापलेलं कापड परत घेत नाही." मी तेव्हा दोन तारे देऊन मोकळी झाले असते.

जुलैत मत बदललं. तिसरा मॅट भर पावसात हाती घेतला आणि धागे निमूट निघाले. कापड तेच, सुई तीच. आधी वाटलं हात बसला. मग लक्षात आलं, एक तर हे कापड मी धुऊन घेतलं होतं, त्यामुळे खळ निघून धागे एकमेकांना चिकटायचे थांबले होते. दुसरं म्हणजे लिनन ओलं असताना जास्त मजबूत असतं, आणि जुलैत आमच्या घरात कोरडं असं काही नसतंच. आता मी उन्हाळ्यातही त्या ओळीवरून ओलं बोट फिरवते. उरलेलं सासूबाईंनी शिकवलं. "अगं, ओढतेस काय? उसव." म्हणजे धागा मधोमध कापायचा आणि बोथट सुईने इंच-इंच उचलत दोन्ही टोकांकडे उसवत जायचं. वेळ दुप्पट लागतो, पण तुटण्याचा प्रश्न जवळजवळ संपतो. न धुता केलेले पहिले दोन मॅट मात्र नंतर आटले, आणि आता बाकीच्या चारांपेक्षा अर्ध्या इंचाने आखूड दिसतात. पाहुण्यांना कळत नाही, मला रोज कळतं.

माझं माप सांगते. तयार मॅट 46 बाय 30 सेंटीमीटर. कडेपासून अडीच सेंटीमीटर आत पहिला धागा काढायचा: अर्धा आत दुमडायला, एक मागच्या बाजूला, एक पुढच्या. असे शेजारशेजारचे चार धागे काढले की पट्टी मोकळी होते आणि दुमड बरोबर तिच्या काठावर येऊन बसते. मग उलट बाजूने, दोरा दुमडीत लपवून, उरलेल्या उभ्या धाग्यांतले चार सुईवर घ्यायचे, दोऱ्याचा वेढा आवळायचा, आणि त्याच जुडीमागून सुई घालून दुमडीचे दोन धागे पकडत वर काढायची. पुन्हा चार. सेंटीमीटरला साधारण अकरा धागे, म्हणजे एका मॅटला जवळजवळ चारशे जुड्या. मोजण्यात एकदा चूक झाली की शेवटी तीनची किंवा पाचची जुडी येते. मी ती कोपऱ्याजवळ न ठेवता आधीच्या दहा-बारा जुड्यांत वाटून टाकते, कोणाला दिसत नाही. दोरा महागाचा नको, चाळीस नंबरचा सुती चालतो. काढलेल्याच धाग्याने शिवून बचत करावी म्हटलं, तर गाठाळ जागी तोही तुटला. तो आता कच्च्या धावदोऱ्याला वापरते.

आता ते भोक. दोन पट्ट्या कोपऱ्यात मिळतात तिथे चौकोनी खिडकी पडते, उभे-आडवे दोन्ही धागे गेलेले. खिडकीच्या बाहेरच्या दोन बाजूंना कापलेली टोकं राहतात. मी ती सफाईने, अगदी लगत छाटली होती. लिननचा धागा गुळगुळीत, त्यामुळे धुण्यात टोकं विणीतून सरकली आणि दुमड उघडली. खरं तर पट्टी काढताना कोपऱ्यावर थांबायचं, टोक दोन-एक सेंटीमीटर लांब ठेवायचं, मागे वळवून दुमडीच्या आत घ्यायचं आणि शिवणीत पकडायचं. खिडकीच्या त्या बाजूंवर दाट काजाचा टाका घातला की काम पक्कं. ज्या चार मॅटना मी हे केलं, ते यंत्रातून पंधरा-वीसदा गेलेत. फाटलेल्याला आता काजाचा टाका घातलाय, पण तो कोपरा जरा फुगलेला आहे.

म्हणजे दोष कापडाचा थोडाच. तरी गाठाळ धाग्याबद्दल एक तारा कापतेच, नऊशे रुपये मीटरला एवढी अपेक्षा ठेवायला हरकत नाही. आणखी एक मीटर मागवलंय. कात्री लावायच्या आधी या वेळी कडेचे दहा धागे काढून बघणार, आणि गाठी जास्त दिसल्या तर कापड न कापता तसंच परत पाठवणार.