२४ बाय ३६चा आजींचा फोटो: लॅबचा कागद की कॅनव्हास?

आमच्याकडे लातूर-परभणीच्या पट्ट्यात वास्तुशांती ठरली की हॉलच्या भिंतीसाठी घरातल्या थोरल्या माणसाच्या फोटोची फर्माईश येते, आणि माप हमखास २४ बाय ३६ इंच असतं. फोटो काढून झालेला असतो, रिटचिंगही झालेलं असतं. अडतं ते पुढे. एकीकडे कलर लॅबचा फोटो पेपर, दुसरीकडे इंकजेटवर छापलेला कॅनव्हास. दोन्हींचे नमुने दुकानात छान दिसतात, म्हणून माणूस दर विचारतो आणि ठरवून टाकतो. दर विचारायलाच हवा, पण या दोन गोष्टींना फाईल वेगळी लागते. एकाच फाईलवर दोन्ही छापले तर त्यातलं एक बिघडतंच.

फ्लेक्सचं आधीच सांगून टाकतो. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकाला तो ठीक आहे, कारण तो रस्त्यापलीकडून बघायचा असतो. घरातल्या चेहऱ्याला नको. चमक, ठिपके आणि ताणल्यावर पडणाऱ्या सुरकुत्या तीन फुटांवरून लपत नाहीत.

एक उदाहरण धरून चालू. नऊवारीतल्या आजी, कपाळावर कुंकू आणि हिरवट गोंदण, अंगावर जांभळी पैठणी, मागे राखाडी पडदा. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फोटो उभा, म्हणजे ४००० बाय ६००० पिक्सेल. २४ इंचांत ४००० पिक्सेल पसरले की इंचाला १६६ पडतात. लॅबवाला ३०० मागतो, आणि इथेच गिऱ्हाईक घाबरतं.

घाबरायचं कारण नाही. डोळ्याला किती बारीक दिसतं ते अंतरावर ठरतं. चांगल्या नजरेचा माणूस तीन फुटांवरून इंचाला साधारण ९५ पिक्सेलपर्यंतचा फरक ओळखतो, दीड फुटावरून साधारण १९०. सोफ्यावरून बघणाऱ्याला १६६ भरपूर झाले. पण आपल्याकडे पाहुणे फोटोजवळ जाऊन, चष्मा वर करून, "आईच्या कपाळावरचं गोंदण दिसतंय का बघू" म्हणतात. त्या अंतरावर १६६ थोडे कमी पडतात, आणि दोन पर्यायांतला पहिला खरा फरक तिथेच दिसतो. लॅबचा कागद गुळगुळीत असतो, तो पापणीचा केसही दाखवतो आणि फाईलमधली उणीवही दाखवतो. कॅनव्हासची वीण बारीक तपशील गिळते. त्यामुळे १५० ते २०० पिक्सेलवरही कॅनव्हास भरीव दिसतो. मात्र गोंदणाचे नाजूक ठिपके त्या विणीत हरवू शकतात.

मूळ फोटो कापून छोटा केलेला असेल तर हिशेब बदलतो. समजा कडा छाटून ३२०० बाय ४८०० पिक्सेल उरले, तर इंचाला १३३च मिळतात. एवढ्यावर मी कागदाऐवजी कॅनव्हास सुचवतो, नाहीतर माप २० बाय ३०वर आणायला सांगतो. तिथे १६० मिळतात. आणि मूळ फाईल व्हॉट्सअ‍ॅपवरून साधा फोटो म्हणून आलेली असेल तर दोन्ही पर्याय विसरा. त्यात पिक्सेल मुळातच फार कमी उरलेले असतात. ज्याने फोटो काढला त्याच्याकडून मूळ फाईल मिळवा.

रिटचिंग मूळ पिक्सेलवरच करायचं, आधी फोटो मोठा करून नाही. मोठा केलेला फोटो मूळ फाईलच्या सव्वातीनपट जड होतो आणि त्यात नवा तपशील काहीच आलेला नसतो. पण काम करताना छपाईचं माप डोक्यात हवं. १६६ला एक पिक्सेल कागदावर ०.१५ मिलिमीटरचा होतो. म्हणजे गालावर ब्रशने सोडलेला २० पिक्सेलचा डाग भिंतीवर ३ मिलिमीटरचा दिसणार. मोबाईलवर तो कधीच दिसला नव्हता. मोठ्या छपाईत सगळ्यात जास्त उघडं पडतं ते गुळगुळीत केलेलं कातडं. पोत पुसलेला गाल मेणाचा दिसतो आणि शेजारचे भुवयांचे केस मात्र खरे दिसतात. आजींच्या सुरकुत्या राहू द्या. फक्त त्यांच्यातल्या सावल्या थोड्या उजळा. गोंदण तर हलवूच नका, आणि कातडीचा रंग एकसारखा करताना ते मास्क लावून बाजूला ठेवा. त्याचा हिरवटपणा इतका फिका असतो की रंग सारखा करण्याच्या नादात तो तपकिरीत मिसळून जातो.

हे सगळं फोटोशॉपमध्ये, १६ बिटच्या फाईलवर, थर तसेच ठेवून करायचं. त्या फाईलला शेवटचं शार्पनिंग द्यायचं नाही. ती मूळ प्रत. तिच्यातून छपाईच्या दोन वेगळ्या प्रती काढता येतात, त्या अशा:

| | लॅबचा फोटो पेपर | कॅनव्हास |
|---|---|---|
| फाईलचं माप | २४ × ३६ इंच | २८ × ४० इंच, कडेला गुंडाळायला २-२ इंच धरून |
| इंचाला पिक्सेल | ३०० | २०० |
| एकूण पिक्सेल | ७२०० × १०८०० | ५६०० × ८००० |
| `Unsharp Mask`, सुरुवातीला | ८०–१००%, रेडियस १.२, थ्रेशोल्ड ३ | १५०%, रेडियस १.५, थ्रेशोल्ड ३ |
| प्रोफाईल | sRGB | छापणाऱ्याला विचारून. उत्तर नसेल तर sRGB |

कॅनव्हासच्या त्या दोन इंचांकडे लोक दुर्लक्ष करतात. लाकडी चौकटीवर ताणल्यावर तेवढा भाग बाजूला आणि मागे जातो. आजींचा कोपर किंवा पदराचं टोक फोटोच्या कडेजवळ असेल तर ते वळणावर येतं आणि हात तुटल्यासारखा दिसतो. उपाय एकच: मागचा पडदा चारही बाजूंनी दोन-दोन इंच वाढवून घ्या. कोपर कडेलाच चिकटलेला असेल तर पडदा वाढवूनही उपयोग नाही, तिथे कागदच घ्या.

शार्पनिंग नेहमी शेवटी, फोटो छपाईच्या मापाला आणल्यावर. आधी शार्प करून मग मोठा केला तर कडेची पांढरी रेघसुद्धा मोठी होते. वेगळा थर घ्या, त्याचा मोड `Luminosity` ठेवा म्हणजे रंगाच्या कडा फुटत नाहीत, आणि मास्कने परिणाम डोळे, भुवया, ओठांची कड, गोंदण आणि जरीपुरता ठेवा. गाल आणि पडदा मोकळे सोडा. शार्प केला की तिथे फक्त कण वर येतात.

ते किती करायचं, हे मॉनिटरवर १०० टक्क्यांनी बघून ठरवू नका. साध्या मॉनिटरला इंचाला ९०-१०० पिक्सेल असतात, म्हणून ३००ची फाईल ३३ टक्क्यांवर आणि २००ची ५० टक्क्यांवर बघितली की साधारण छपाईएवढं माप दिसतं. कॅनव्हासची फाईल १०० टक्क्यांवर जराशी ओबडधोबड वाटली तरी चालेल. शाई विणीत पसरते आणि धार थोडी बोथट होते. कागदाच्या फाईलला तेवढी सूट नाही. जास्त झालं का, ते केसांच्या कडेला बघा. काळे केस आणि राखाडी पडदा यांच्यामध्ये पांढरी रेघ दिसली, किंवा सुरकुत्या कोळशाने ओढल्यासारख्या वाटल्या, की टक्का कमी करा.

रंगाच्या प्रोफाईलमध्ये बहुतेक घोळ एकाच जागी होतो. रिटचिंग Adobe RGB मध्ये केलेलं असतं, फाईल तशीच लॅबला जाते आणि लॅबचं यंत्र प्रोफाईल न बघता तिला sRGB समजतं. मग आजींचा चेहरा फिकट, आजारी दिसतो आणि पैठणी मळकी. त्यासाठी `Convert to Profile` वापरून sRGB करायचं. `Assign Profile` वापरलं तर आकडे तेच राहतात, फक्त अर्थ बदलतो, आणि तोच फिकटपणा आपण स्वतःच ओढवून घेतो. आणखी एक, कुणी सांगितलं तरी लॅबसाठी किंवा कॅनव्हाससाठी आपण होऊन सीएमवायके करू नका. लॅबचा कागद प्रकाशाने उमटतो, त्याला आरजीबीच लागतं. कॅनव्हासच्या यंत्रात आठ-दहा शाया असू शकतात, रूपांतर त्याच्या सॉफ्टवेअरलाच करू द्या.

कुंकू आणि पैठणीचा जांभळा हे इथले खरे अवघड रंग आहेत. मॉनिटरवर लखलखणारा लाल दोन्ही माध्यमांत तसाच उतरत नाही. तो दाबला जातो आणि कुंकवाचा उठाव जाऊन तिथे सपाट टिकली दिसते. छापणाऱ्याकडून त्याच्या कागदाचं किंवा कॅनव्हासचं आयसीसी प्रोफाईल मागून घ्या आणि `Proof Setup` मध्ये लावून बघा. `Relative Colorimetric` आणि `Perceptual` दोन्ही लावून पदराच्या घड्या कशात टिकतात ते पाहा. कुठेच टिकत नसतील तर फक्त त्या लालची आणि जांभळ्याची तीव्रता थोडी उतरवा, घड्या परत दिसू लागतात. मॅट कॅनव्हासचा काळाही फोटो पेपरइतका गडद होत नाही. केस आणि काठ एकजीव होऊ नयेत म्हणून कॅनव्हासच्या प्रतीत सावल्या थोड्या उचलाव्या लागतात.

मग घ्यायचं काय? गोंदण, सुरकुत्या, नथीचे मोती जवळून दिसायला हवे असतील तर लॅबचा कागद, मॅट लॅमिनेशन करून. ज्या फोटोला पुढे कधी हार आणि गंध लागणार, त्यालाही काचेची फ्रेमच बरी. कॅनव्हासवर लागलेलं गंध निघत नाही. फक्त काच आणि फोटो यांच्यामध्ये फ्रेमवाल्याला माउंट टाकायला सांगा. पावसाळ्यात दमट हवेत कागद काचेला चिकटला की सोडवताना फोटोच फाटतो. हॉलची मोठी खिडकी समोर असेल, तर काचेत खिडकीच दिसेल. तिथे कॅनव्हास. पण आपल्याकडची उन्हाळ्यातली धूळ विणीत बसते, म्हणून छपाईनंतर वार्निश करून घ्या. पत्र्याच्या किंवा तापणाऱ्या भिंतीवर कॅनव्हास सैल पडतो. त्याच्या चौकटीला कोपऱ्यात पाचरी असतील तर पुन्हा ताणता येतो, म्हणून ऑर्डर देतानाच विचारा. उदाहरणातल्या आजींसाठी मी कागद निवडला असता, आणि तो गोंदणासाठी.

पूर्ण छपाईआधी पट्टी काढून बघा. अख्खा फोटो छोटा करून नव्हे, तर खऱ्या मापातून ८ बाय १२ इंचांचा तुकडा कापून. त्यात एक डोळा, कुंकू, थोडे केस आणि शक्य तेवढा पदर येऊ द्या. दुकानाच्या ट्यूबलाईटखाली ठरवू नका. पट्टी घरी नेऊन त्याच भिंतीवर सकाळी आणि दिवे लागल्यावर बघा. पट्टी काळवंडलेली वाटली तर बहुतेक वेळा दोष मॉनिटरचा असतो, त्याची चमक जास्त ठेवलेली असते. चमक कमी करून पट्टी मॉनिटरशेजारी धरा, आणि जुळत नसेल तेवढीच फाईल उजळा.

फाईल देताना लॅबसाठी ८ बिटची, सगळ्यात वरच्या दर्जाची जेपीईजी, प्रोफाईल आत जोडून. कॅनव्हाससाठी टिफ चालत असेल तर ती. पेनड्राईव्हवर द्या किंवा ईमेलने लिंक पाठवा. सोबत दोन ओळी लिहा: रंगाची आणि शार्पनेसची आपोआप दुरुस्ती बंद ठेवा, आणि माप फिट करायला फोटो कापू नका. ही दुरुस्ती चालू राहिली तर यंत्र चेहरा उजळवून टाकतं, आणि मग आपण पट्टीवर पाहिलेला रंग मोठ्या प्रतीत येत नाही. पट्टीही त्याच यंत्रावर, त्याच रोलवर छापलेली होती ना, हे विचारून घ्या.