स्लायसरबरोबर बदलणारं चार्टचं टायटल: शाळांच्या सीझनपासून दिवाळीपर्यंत वापरल्यानंतर

अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका स्टेशनरी होलसेलरकडे मी हिशेबाचं आणि रिपोर्टचं काम बघते. आमच्याकडे डॅशबोर्ड म्हणजे एक्सेलची एक फाइल. त्यात पिव्होट टेबल, त्यावरचा चार्ट आणि शेजारी दोन स्लायसर: एक भागाचा (कोथरूड, हडपसर, पिंपरी, वाघोली वगैरे), दुसरा मालाच्या प्रकाराचा. चार्ट मात्र फाइलमध्ये फारसा कोणी बघत नाही. तो बघितला जातो व्हॉट्सॲपवर, स्क्रीनशॉट म्हणून. स्क्रीनशॉट काढताना चार्ट तेवढा कापला जातो आणि स्लायसर मागे राहतो. मग 'मासिक विक्री' एवढंच टायटल असलेला हडपसरचा चार्ट शेठच्या मोबाइलवर सगळ्या पुण्याचा होऊन बसतो. सेल्समनचा फोन ठरलेला: "ताई, हे फक्त माझ्या भागाचं आहे का सगळ्यांचं?"

म्हणून टायटल सेलला जोडलं. जोडणं सोपं आहे: टायटलवर एक क्लिक, फॉर्म्युला बारमध्ये `=`, मग हव्या त्या सेलवर क्लिक आणि एंटर. तिथे `=Titles!$C$6` असं दिसायला लागतं. टायटलमध्ये थेट फॉर्म्युला चालत नाही, फक्त सेलचा पत्ता चालतो. त्यामुळे सगळी अक्कल त्या सेलमध्ये ओतावी लागते.

स्लायसरमध्ये काय निवडलंय हे सेलला कळावं कसं? पिव्होटच्या वरच्या फिल्टरचा सेल वाचला तर एकच भाग निवडला असताना नाव मिळतं, दोन निवडले की `(Multiple Items)`. ते टायटलमध्ये घालून कोणाला काय कळणार? सरळ मार्ग असा की `Titles` नावाच्या वेगळ्या शीटवर एक छोटं पिव्होट ठेवायचं. त्याच्या Rows मध्ये फक्त भाग, Values रिकामं, Grand Total बंद. स्लायसरवर राइट क्लिक करून Report Connections मध्ये त्यालाही टिक करायची. मग निवडलेले भाग त्या पिव्होटमध्ये एकाखाली एक येतात आणि `TEXTJOIN` ते जोडतं. हे फंक्शन एक्सेल २०१९ पासून आहे. जुनी आवृत्ती असेल तर पुढचा खटाटोप जमणार नाही.

खरा घोळ इथे होतो. आधी हे मदतीचं पिव्होट मुख्य पिव्होटसारखंच दोन्ही स्लायसरना जोडलेलं होतं. शेठनी भागाला हात न लावता फक्त 'ड्रॉइंग साहित्य' निवडलं आणि टायटलमध्ये आलं 'कोथरूड, पिंपरी, वाघोली'. लगेच प्रश्न: "बाकीचे भाग का काढले?" काढले कोणीच नव्हते. ड्रॉइंगचा माल त्या तीनच भागांत गेला होता आणि पिव्होट निवडलेले भाग नाही, विक्री असलेले भाग दाखवत होतं. याची उलटी बाजू जास्त वाईट. हडपसर मुद्दाम निवडलंय, पण त्या प्रकाराची तिथे विक्रीच नाही, तर हडपसर टायटलमधून गायब. विक्री शून्य आहे ही बातमीच लपते.

उपाय म्हणजे प्रत्येक स्लायसरला त्याचं स्वतःचं मदतीचं पिव्होट द्यायचं. भागाचं पिव्होट फक्त भागाच्या स्लायसरला, प्रकाराचं फक्त प्रकाराच्या. जोडणी तोडण्याआधी स्लायसर साफ करून घ्या. निवड असताना तोडली तर जुनं फिल्टर पिव्होटमध्ये तसंच अडकून राहतं.

'सर्व भाग' कधी लिहायचं हेही ठरवावं लागतं. भागांच्या यादीतली संख्या धरली की घोटाळा होतो, कारण यादीत नवा भाग घातला आणि तिथली पहिली ऑर्डर अजून आली नाही, तर काहीही न निवडता टायटल '११ भाग' म्हणतं. म्हणून शेजारी E कॉलममध्ये कुठल्याच स्लायसरला न जोडलेलं आणखी एक पिव्होट ठेवलंय. तुलना त्याच्याशी:

```
C1: =COUNTA(A4:A40)
C2: =IF(C1=COUNTA(E4:E40),"सर्व भाग",
     IF(C1<=3,TEXTJOIN(", ",TRUE,A4:A40),C1&" भाग"))
```

तीनपर्यंत नावं आणि पुढे नुसती संख्या, हे मी ठरवलं. सेलला जोडलेल्या टायटलमध्ये २५५ अक्षरांपुढचा मजकूर कापला जातो हे एक कारण, पण त्याच्या कितीतरी आधी मोबाइलवर ते वाचता येईनासं होतं. `C3` मध्ये प्रकारासाठी हेच, `C4` मध्ये कालावधी आणि `C6` मध्ये सगळ्यांची मोळी.

कालावधीसाठी तारखेचा सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा घेते. तारीख नुसती `&` ने जोडली तर 'जून' ऐवजी ४५८०९ असा आकडा छापला जातो, म्हणून `TEXT` हवंच. `TEXT(B4,"[$-44E]mmmm yyyy")` लिहिलं की महिना मराठीत येतो. महिन्यांसाठी साधा स्लायसर मी काढून टाकला. त्यात कोणी जून आणि ऑगस्ट निवडले की टायटल 'जून ते ऑगस्ट' म्हणायचं आणि जुलै चार्टमध्ये नसायचाच. त्याऐवजी टाइमलाइन ठेवली. तिच्यात सलगच कालावधी निवडता येतो, त्यामुळे तो प्रश्न मिटला.

आता तक्रारी. सर्वांत धोक्याची अशी: दुसरी एखादी जड फाइल आधी उघडलेली असेल आणि तिचं कॅल्क्युलेशन मॅन्युअलवर असेल, तर आपली फाइलही मॅन्युअलवर जाते. मग स्लायसर दाबला की पिव्होट आणि चार्ट बदलतात, पण फॉर्म्युला तसाच राहतो. चार्ट पिंपरीचा, टायटल कोथरूडचं. बिनटायटलचा चार्ट परवडला, हा तर छातीठोक खोटं बोलतो. खाली स्टेटस बारमध्ये `Calculate` दिसलं की समजायचं आणि F9 दाबायचं.

दुसरी अशी की कोणी टायटलमध्ये क्लिक करून एक अक्षर जरी बदललं, तरी जोडणी तुटते आणि एक्सेल चकार शब्द काढत नाही. टायटल निवडल्यावर फॉर्म्युला बारमध्ये सेलचा पत्ता दिसला नाही, तर तुटलंय. शिवाय जोडलेल्या टायटलला एकच रूप मिळतं. भागाचं नाव ठळक आणि बाकी बारीक असं करता येत नाही. शेठना ते हवं होतं, नाही जमलं.

माझा भाचा बाणेरला पॉवर बीआयवर काम करतो. त्याला वाटतं मी उगाच जुन्या हत्याराने झगडतेय. तिथे टायटलच्या `fx` मध्ये मेझर दिलं की झालं, मदतीची पिव्होटं नकोत. हे खरं आहे. पण त्याचं `SELECTEDVALUE` काहीच निवडलं नसताना आणि दोन भाग निवडले असताना एकच पर्यायी मजकूर देतं आणि दुसऱ्या फिल्टरमुळे एकच भाग उरला तर न निवडलेल्या भागाचंही नाव छापतं. म्हणजे हत्यार बदललं तरी निवडलेलं आणि उरलेलं यांतला फरक हातानेच सांभाळायचा.

एवढं असूनही मी हे ठेवलंय, कारण सेल्समनचे ते फोन बंद झाले आणि जुना स्क्रीनशॉट शोधला तरी तो कशाचा आहे हे चार्टवरच लिहिलेलं असतं. टायटलला कोणी हात लावू नये म्हणून शीट प्रोटेक्ट करून बघितलं. पण प्रोटेक्ट केलेल्या शीटवरचं पिव्होट रिफ्रेश होत नाही आणि त्याच कॅशवरची इतर पिव्होटंही अडतात. रोज सकाळी नवी बिलं आली की Refresh All करावंच लागतं, त्यामुळे प्रोटेक्शन काढून टाकलं. आता चार्ट पाठवण्याआधी टायटलवर एक क्लिक करून पत्ता बघते.