थंब मशीन 9 महिने वापरल्यावर: थ्रेशोल्ड कमी केलं की तक्रारी थांबतात, पण दार कुणालाही उघडू शकतं

मी नाशिकला अंबड एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत ॲडमिन बघते, आमच्याकडे ऑफिस आणि शॉपफ्लोअर मिळून 140 माणसं आहेत आणि गेल्या जूनमध्ये मेन दाराला बोटाच्या ठशाचं मशीन बसवलं, म्हणजे हजेरी पण त्याच्यावरच आणि दाराचं लॉक पण त्याच्यावरच. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण मला मशीनपेक्षा एका सेटिंगबद्दल लिहायचंय, ते कुठलंही मशीन घेतलं तरी लागू आहे. त्या सेटिंगचं नाव थ्रेशोल्ड, मेनूमध्ये `1:N Threshold` असं दिसतं आणि आमच्याकडे फॅक्टरीतून ते 35 वर येतं.

आधी सोप्या भाषेत सांगते. तुम्ही बोट ठेवलं की मशीन त्या ठशाची सेव्ह केलेल्या ठशांशी तुलना करतं आणि किती जुळलं त्याचा एक स्कोअर काढतं. स्कोअर थ्रेशोल्डच्या वर गेला की दार उघडलं, खाली राहिला की लाल दिवा. हा स्कोअर म्हणजे टक्के नाहीत, 35 म्हणजे 35 टक्के जुळलं असं अजिबात नाही, आणि एका कंपनीचं 35 दुसऱ्या कंपनीच्या 35 बरोबर लावून बघता येत नाही. चूक दोन प्रकारची होते. आपल्याच माणसाला नाकारलं तर ते फॉल्स रिजेक्ट, आणि चुकीच्या माणसाला घेतलं किंवा एकाला दुसऱ्याच्या नावावर घेतलं तर ते फॉल्स ॲक्सेप्ट. थ्रेशोल्ड वर नेलं की पहिली चूक वाढते दुसरी कमी होते, खाली आणलं की उलट. दोन्ही एकदम कमी करणारा आकडा त्या मेनूत नाही.

जून-जुलैमध्ये आमचे हाल झाले. पाऊस, ओले हात, शॉपफ्लोअरवरच्या पोरांच्या बोटांना कूलंट आणि धातूच्या धारदार कडा लागून झालेले बारीक चरे, सकाळी साडेआठला दाराशी रांग आणि मागून आवाज, "घेत नाहीये हो थंब!" हाऊसकीपिंगच्या मावशींचं तर पाच-पाच वेळा बोट ठेवूनही होत नव्हतं, भांडी आणि फिनेल करून करून बोटांवरच्या रेषाच झिजल्यात त्यांच्या, रेशन दुकानात पण आपला अंगठा लागत नाही असं त्या सांगायच्या. मग कुणीतरी फायर एक्स्टिंग्विशर दाराला लावून दार उघडंच ठेवायला लागलं. हे लक्षात घ्या, नाकारणं फार वाढलं की माणसं दाराला पर्याय शोधतात आणि मग थ्रेशोल्ड कितीही कडक असलं तरी काही उपयोग राहत नाही.

मी तक्रार टाकली, सर्व्हिस इंजिनिअर आला, दोन मिनिटं मेनूत काहीतरी केलं आणि म्हणाला "मॅडम आता बघा." खरंच सगळ्यांचं एका झटक्यात लागायला लागलं, मावशींचं सुद्धा. मी खूश, साहेब खूश. त्याने 35 चं 25 केलं होतं, आणि मी तेव्हा विचारलं नाही की त्याच्या बदल्यात काय गेलं.

ऑक्टोबरमध्ये पगाराची हजेरी काढताना कळलं. आमच्या अकाउंट्समधली एक ताई बाळंतपणाच्या रजेवर होती, ऑगस्टपासून ऑफिसला पाऊलही टाकलं नव्हतं, आणि तिच्या नावावर सप्टेंबरमधल्या एका मंगळवारी सकाळी 8:12 चा पंच! मला वाटलं सॉफ्टवेअरची गडबड असेल. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग अजून होतं म्हणून 8:12 ला कोण आहे ते बघितलं, तर मावशी. हातात बादली, दोनदा बोट ठेवलं, तिसऱ्यांदा हिरवा दिवा, आत गेल्या. मशीनने त्यांना त्या ताईच्या नावाने आत घेतलं होतं, आणि मावशींच्या स्वतःच्या नावावर त्या सकाळचा पंच नव्हताच, म्हणजे रिपोर्टमध्ये त्या गैरहजर.

मग मी तीन महिन्यांचे पंच रजेच्या रजिस्टरशी लावून बघितले आणि रजेवर असलेल्या माणसांच्या नावावर एकूण 5 पंच सापडले. हे फक्त दिसलेले. ज्याच्या नावावर चुकून पंच पडला तो माणूस त्या दिवशी हजर असेल तर तो नुसता एक जास्तीचा पंच दिसतो, कुणाला कळतच नाही. माझं सगळं म्हणणं यातच आलं: नाकारलेला माणूस ओरडतो, चुकून आत घेतलेला माणूस ओरडत नाही. त्यामुळे फक्त तक्रारी ऐकून थ्रेशोल्ड ठरवलं तर ते हळूहळू खालीच जाणार.

आता हे असं का होतं. डेटाशीटवर लिहिलेलं होतं फॉल्स ॲक्सेप्ट 0.0001 टक्के, म्हणजे 10 लाखात एक, वाचून वाटतं की विषयच संपला. पण तो आकडा एका ठशाची एकाच ठशाशी तुलना केली तर असतो. दाराशी आपण नाव किंवा नंबर सांगत नाही, नुसतं बोट ठेवतो, म्हणून मशीन सगळ्यांशी तुलना करतं, मेनूतलं `1:N` म्हणजे हेच. आमच्याकडे 140 माणसं, प्रत्येकाची 2 बोटं, म्हणजे 280 ठसे. अनोळखी माणसाने एकदा बोट ठेवलं की नशीब आजमावायच्या त्याला 280 संधी, म्हणजे 10 लाखात एक राहिलं नाही, साधारण साडेतीन हजारात एक झालं, आणि तेही डेटाशीटवाल्या कडक सेटिंगला. 25 वर ते किती वाढतं हे कुठेच लिहिलेलं नाही, पण थ्रेशोल्डचे 10 आकडे खाली म्हणजे चुका थोड्याशा वाढत नाहीत, कित्येक पट वाढतात, कारण परक्या ठशांचे बहुतेक स्कोअर अगदी खाली गर्दी करून असतात आणि रेघ जसजशी खाली आणाल तसतसे तुम्ही त्या गर्दीत शिरता.

आणि घोळ कुणाचा होतो? ज्याचं स्वतःचं बोट नीट लागतं त्याचा सहसा नाही, कारण त्याचा स्वतःचा ठसा लगेच वरचा स्कोअर देतो. घोळ त्याचा होतो ज्याचं लागत नाही, तो पुन्हा पुन्हा बोट ठेवतो आणि प्रत्येक वेळी पुन्हा 280 संधी. त्यात ज्याचा ठसा घेतानाच अर्धवट घेतला गेलाय असा एखादा मिळाला की जुळलं. त्या ताईचा ठसा पहिल्या दिवशी घाईत घेतलेला, बोट तिरकं ठेवलेलं होतं. 1998 मध्ये आवाज ओळखणाऱ्या सिस्टीमवर काम करणाऱ्या संशोधकांनी अशा लोकांना प्राण्यांची नावं दिली होती, ज्यांना सिस्टीम सारखी नाकारते त्या शेळ्या आणि ज्यांची नक्कल सहज होते ती कोकरं, म्हणजे चुका सगळ्यांच्यात सारख्या वाटल्या जात नाहीत हे तेव्हापासून माहीत आहे. आमच्याकडे मावशी आणि ती ताई या त्याच दोन जागांवर होत्या.

मग मी नीट करायचं ठरवलं. आमचं मशीन नाकारलेले प्रयत्न साठवत नाही, फक्त घेतलेलेच साठवतं, म्हणून 35 परत लावून गेटवरच्या काकांकडे एक वही दिली, लाल दिवा लागला की नाव लिहायचं. 12 कामाच्या दिवसांत 97 नोंदी, आणि त्यातल्या 71 फक्त 7 माणसांच्या! म्हणजे उरलेल्या 133 माणसांना 35 चा फारसा त्रास नव्हता आणि 7 माणसांसाठी आम्ही सगळ्यांचं दार सैल करून ठेवलं होतं.

त्याच आठवड्यात 12 नवीन अप्रेंटिस आले होते, त्यांचे ठसे अजून घेतले नव्हते. त्यांना विनंती केली, प्रत्येक सेटिंगला प्रत्येकाने दहाही बोटं दोन-दोनदा ठेवा, म्हणजे दर सेटिंगला 240 प्रयत्न. 25 वर दार एकदा उघडलं, एका पोराच्या करंगळीने, स्क्रीनवर नाव आलं स्टोअरमधल्या दादांचं. 35 वर एकदाही नाही. पण यावरून 35 वर चूक शून्य असं म्हणू नका. प्रयत्नांमध्ये एकही चूक दिसली नाही तर 3 भागिले प्रयत्न इतकी चूक तरी असू शकते असा साधा हिशोब आहे, म्हणजे 240 प्रयत्नांतून साधारण 95 टक्के खात्रीने इतकंच म्हणता येतं की चूक 80 त एकपेक्षा कमी असावी. 10 लाखात एक हा दावा कुठल्याही ऑफिसला स्वतः तपासता येणार नाही, पण 25 वाईट आहे हे कळायला 240 पुरले.

पुढे दोन गोष्टी केल्या. एक, वहीतल्या त्या 7 जणांचे आणि ज्यांचे ठसे घाईत घेतले होते त्या सगळ्यांचे ठसे पुन्हा घेतले, हात धुवून पूर्ण कोरडे करून, बोट सपाट, काचेच्या मधोमध, आणि अंगठ्याऐवजी तर्जनी आणि मधलं बोट. काच पण रोज सकाळी कोरड्या मऊ कपड्याने पुसायची. पुढच्या 12 दिवसांत 38 नोंदी, त्यातल्या 25 आता 4 जणांच्या. मी 45 पण लावून बघितलं, चौथ्या दिवशी परत एक्स्टिंग्विशर दाराला लागलेला दिसला, तेव्हा 35 वर परत आले.

दोन, उरलेल्या 4 जणांना कार्ड दिलं, कार्ड दाखवायचं आणि मग बोट. कार्डामुळे मशीनला माणूस आधीच कळतो, तुलना 280 शी नाही तर त्याच्याच 2 ठशांशी होते, म्हणून तिथे `1:1 Threshold` बरंच खाली, 15 ला ठेवता येतं. कार्ड हरवलं तरी ज्याला सापडेल त्याचं बोट त्या 2 ठशांशी जुळायला हवं. सर्व्हर रूमला मात्र सगळ्यांनाच कार्ड अधिक बोट केलं, तिथे दिवसाला पाच-सहा माणसं जातात, रांगेचा प्रश्नच नाही. थ्रेशोल्ड वाढवून खोट्या बोटाचा धोका जात नाही हे पण सांगून ठेवते, रबराचा ठसा चांगला बनवलेला असेल तर त्याचा स्कोअर वरच येतो, तो प्रश्न सेन्सरचा आहे.

मशीनला पाचपैकी साडेतीन. सेन्सर बरा आहे, पण नाकारलेले प्रयत्न साठवत नाही हे फार मोठं न्यून वाटतं मला, नवीन घेत असाल तर दुकानदाराला पहिलं हेच विचारा. आणि सर्व्हिसवाला मेनूत हात घालायच्या आधी आत्ताचा आकडा कागदावर लिहून घ्या, गेल्यावर परत बघा. मावशी आता कार्ड गळ्यात घालून येतात, पहिल्या नाहीतर दुसऱ्या वेळी लागतं, आणि सप्टेंबरमध्ये त्यांचा कापला गेलेला एक दिवस पगारात परत दिला. काकांची वही जूनमध्ये पाऊस सुरू झाला की परत 12 दिवस चालू करणार आहे.