सोसायटीच्या कार्यक्रमाची हजेरी: पोल, इव्हेंट की फॉर्मची लिंक?

सोसायटीचं स्नेहसंमेलन शनिवारी संध्याकाळी आहे, केटररला बुधवारी रात्री जेवणाऱ्यांचा आकडा द्यायचा आहे आणि ग्रुपवर आठवणीचे मेसेज टाकायचं काम तुमच्याकडे आलंय. अशा वेळी तीन पर्याय समोर असतात. व्हॉट्सॲपचा पोल, व्हॉट्सॲपचाच इव्हेंट आणि गूगल फॉर्मची लिंक. तिन्ही फुकट आहेत, पण बुधवारी रात्री हातात काय पडतं आणि शनिवारच्या मेसेजमध्ये काय लिहावं लागतं, हे तिघांचं वेगळं आहे. निवड त्यावरूनच करावी.

आधी पोल, कारण बहुतेक जण तोच टाकतात. त्याची बाजू भक्कम आहे. लिंक उघडायची नाही, काही टाइप करायचं नाही, एक बोट ठेवलं की झालं. शिवाय शेजारचे येणार आहेत हे दिसलं की रेंगाळणारेही हो म्हणतात. ही ओढ फॉर्ममध्ये नसते. अडचण आकड्याची आहे. समजा, ८४ फ्लॅटच्या सोसायटीत ‘येणार’वर ४७ मतं पडली. म्हणजे जेवायला किती जण? सांगता येत नाही. एका घरातून नवरा-बायको दोघांनी मत दिलेलं असतं, दुसऱ्या घरात एकाच मतामागे पाच माणसं असतात. पोल फोन नंबर मोजतो, घर किंवा माणसं मोजत नाही. ‘१ जण’, ‘२ जण’, ‘३ जण’ असे पर्याय दिले तर थोडं सुधारतं (पोलमध्ये १२ पर्याय बसतात, फक्त एकापेक्षा जास्त उत्तरांची मुभा बंद ठेवा), पण एकाच घराची दोन मतं तशीच राहतात. आणि ज्याच्या नावापुढे नुसतं टोपणनाव दिसतं, तो कुठल्या फ्लॅटचा हे शोधण्यात तुमची संध्याकाळ जाते.

इव्हेंटबद्दल थोडक्यात सांगतो. तारीख, वेळ, जागा एकत्र दिसते आणि येणार म्हणणाऱ्याला वेळ जवळ आली की सूचना जाते. गच्चीची साफसफाई, समितीची बैठक, मुलांचा सराव अशा जेवण नसलेल्या कामांना मी इव्हेंटच वापरेन. पण ‘मोठे किती, लहान किती’ हे तो विचारत नाही, त्यामुळे केटररसमोर त्याचा उपयोग पोलइतकाच.

फॉर्ममध्ये मेहनत आहे, पण ती एकदाच करायची असते. तीनच प्रश्न ठेवा: फ्लॅट क्रमांक, मोठी माणसं, लहान मुलं. येणार नसलेल्यांनी दोन्हीकडे शून्य भरावं, तेही उत्तरच आहे. फ्लॅट क्रमांक टाइप करायला दिला तर कोणी ‘बी २०४’ लिहितं, कोणी नुसतं ‘२०४’, आणि दोन विंगा असतील तर मोजणी तिथेच फसते. म्हणून ड्रॉपडाउन द्या. शीटमधला सगळ्या फ्लॅटचा रकाना कॉपी करून पहिल्या पर्यायाच्या जागी पेस्ट केला की ८४ पर्याय एकदम तयार होतात. Limit to 1 response ही सेटिंग मात्र सुरू करू नका. ती गूगल खात्यात लॉगिन मागते आणि ज्येष्ठ मंडळी तिथूनच परत फिरतात. दुबार नोंद झाली तर होऊ द्या, फ्लॅट क्रमांकावरून ती लगेच सापडते.

फॉर्मचा खरा फायदा उत्तर न देणाऱ्यांच्या बाबतीत कळतो. उत्तरांच्या शीटमध्येच दुसरा टॅब घ्या, त्याच्या A रकान्यात A2 पासून ८४ फ्लॅट लिहा आणि शेजारी हे सूत्र टाका:

```
=FILTER(A2:A85, COUNTIF('Form Responses 1'!B:B, A2:A85)=0)
```

फॉर्ममधला पहिला प्रश्न फ्लॅट क्रमांकाचा असेल तर ज्यांनी भरलेलं नाही तेवढेच फ्लॅट समोर येतात. समजा, ६१ नोंदी आल्या आणि त्यात चार दुबार निघाल्या. म्हणजे ५७ घरांचं उत्तर मिळालं, २७ घरं बाकी. दुबार नोंदीत सहसा शेवटची धरावी. पण आधी चार जण आणि नंतर दोन असं असेल तर एक फोन करा, कारण ते दोघांनी आपापलं भरलेलं असू शकतं.

या यादीमुळे मेसेजची मालिकाच बदलते. पोल टाकला असेल तर बाकी कोण हे कळत नाही, म्हणून आठवण सगळ्या ग्रुपला परत परत जाते. तिसऱ्यांदा ‘कृपया मत द्या’ वाचल्यावर ज्यांनी दिलंय तेही ग्रुप म्यूट करतात आणि शनिवारचा महत्त्वाचा मेसेज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. फॉर्म असेल तर ग्रुपवर दोनच मेसेज पुरतात: दहा दिवस आधी निमंत्रणासोबत लिंक, आणि सोमवारी ‘ए विंग १०, बी विंग १७ घरं बाकी, बुधवारी संध्याकाळी ६ ला नोंदणी बंद’. नावं किंवा फ्लॅट ग्रुपवर जाहीर करू नका, विंगेचा आकडा पुरेसा होतो. मंगळवारी विंग प्रतिनिधीने बाकी घरांना स्वतंत्र मेसेज किंवा फोन करावा. स्मार्टफोन नसलेल्या घरांची नोंदही त्यानेच भरावी.

आता शनिवारचा मेसेज. माझं ठाम मत आहे की त्यात नोंदणीची लिंक नसावी. लिंक दिसली की दुपारी चार वाजताही कोणी सहा जणांची नोंद करतं आणि आपलं जेवण ठरलं असं समजतं. त्यांची त्यात चूक नसते. जुने मेसेजही ग्रुपमध्ये असतातच, म्हणून बुधवारी फॉर्म बंद करून त्याच्या संदेशात लिहा: ‘संख्या केटररला दिली आहे. यायचं असल्यास आधी सचिवांना फोन करा.’ पोलची इथे पंचाईत होते. तो ग्रुपमध्ये उघडाच दिसत राहतो आणि आकडा दिल्यानंतरही त्यावर मतं पडत राहतात.

त्या दिवशीचा मेसेज सकाळी एकदाच जावा आणि एका नजरेत वाचून व्हावा:

‘आज स्नेहसंमेलन. संध्याकाळी ६.३०, क्लब हाउस. जेवण ८ ते ९.३०. पाहुण्यांच्या गाड्या मागच्या गेटने. पाऊस आला तर बी विंगचं पार्किंग. अडचण आल्यास सचिवांना फोन करा.’

तो २४ तासांसाठी पिन करा आणि निमंत्रणाचा जुना पिन काढा, नाहीतर लोक वरचा जुनाच मेसेज उघडतात. वेळ चुकली असेल तर व्हॉट्सॲपवर १५ मिनिटांतच मेसेज दुरुस्त करता येतो. त्यानंतर ‘बदल’ या शब्दाने सुरू होणारा नवा मेसेज टाकावा आणि चुकीचा सगळ्यांसाठी डिलीट करावा.

सोसायटी वीस-पंचवीस घरांची असेल आणि सगळे एकमेकांना ओळखत असतील, तर फॉर्मचा खटाटोप नको. ‘किती जण’ असे पर्याय दिलेला पोल टाका आणि शंका असेल तिथे बेल वाजवून विचारा. घरं पन्नासच्या वर असतील, दोन विंगा असतील किंवा भाडेकरू बरेच असतील, तर फॉर्मच घ्या. पोल मग त्याआधीच्या प्रश्नाला वापरा, म्हणजे शनिवार की रविवार हे ठरवायला. तिथे माणसं नेमकी मोजायची नसतात आणि चार मतं इकडची तिकडे झाली तरी निर्णय सहसा बदलत नाही.