वॉल मिक्सर, सोळा महिने वापरून: नळ आणि शॉवर दोन्हीकडून पाणी

जुळे सोलापुरात घर आहे, वापरायचं पाणी बोअरचं. बादलीच्या कडेला पांढरा थर चढतो, यावरून पाणी किती जड आहे ते कळेल. मिक्सरचं क्रोम अजून नव्यासारखं आहे, गरम-थंडचे नॉबही मऊ फिरतात. तक्रार एकच, मधल्या डायव्हर्टरची, म्हणजे पाणी नळाकडे की शॉवरकडे जायचं ते ठरवणाऱ्या भागाची. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अर्धा दोष आमच्या पाण्याचाच निघाला.

दहाव्या महिन्यात शॉवर लावला की खालच्या नळातूनही धार यायला लागली. प्लंबर म्हणाला, "मालक, आख्खा मिक्सरच बदला." मला ते पटेना.

आधी दोन्ही नॉब घट्ट बंद करून पाहिलं. शॉवरच्या पाइपात उरलेलं पाणी थोडा वेळ ठिबकलं आणि थांबलं. थांबलं नसतं तर नॉबचा स्पिंडल खराब, डायव्हर्टर नव्हे. मग डायव्हर्टर शॉवरकडे करून फक्त थंड पाणी सोडलं आणि नळाखाली बादली धरली. एका मिनिटात जवळपास तीन लिटर. आता शॉवरची जाळी काढून तेच पुन्हा केलं, तर जेमतेम अर्धा लिटर! म्हणजे जाळीची भोकं क्षाराने बुजली होती. पाण्याला वर वाट मिळेना, म्हणून ते डायव्हर्टरच्या झिजलेल्या रबरातून खाली घुसत होतं. पण जाळी काढूनही अर्धा लिटर येतंय, म्हणजे रबरही गेलेलंच.

जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली. सकाळी टाकीचा कॉक बंद केला, नळ उघडून पाइपातलं पाणी काढलं आणि डायव्हर्टरचा नॉब काढून आतला पितळी नट पान्याने सोडवला. क्रोमवर ओरखडे नकोत म्हणून मध्ये जुन्या सोलापुरी टॉवेलचा तुकडा धरला (आमच्या घरात त्यांचा तोटा नाही). डायव्हर्टर बाहेर आला तर रबराच्या कडेत खडीसाखरेच्या कणासारखा क्षाराचा खडा रुतलेला, आणि तिथेच चीर.

नुसता तो रबरी वायसर बदलून भागलं असतं, पण त्या मापाचा मिळेना. जुना डायव्हर्टर दुकानात नेऊन अख्खा नवा घेतला. तो सोबत न्याच, कारण आटे आणि नॉब बसतो ते दाते प्रत्येक कंपनीचे वेगळे. बसवण्याआधी आत बोट फिरवून बघा. रबर टेकतं त्या पितळेला खड्डा पडला असेल तर नवा डायव्हर्टरही गळणार, आणि मग प्लंबरचंच खरं. आमची जागा गुळगुळीत होती.

त्याला सहा महिने झाले. शॉवर लावल्यावर नळातून दोन-चार थेंब पडतात, ते मी चालवून घेतो. जाळी मात्र दर दोन महिन्यांनी व्हिनेगरात जाते. मिक्सरला पाचपैकी साडेतीन. सुटा वायसर दुकानात मिळत असता तर चार दिले असते.